दातांत धरलेले पेन

फ्रिट्झ श्ट्राक, लेनर्ड मार्टिन आणि सबिने श्टेपर यांचा एक शोधनिबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. पुढची पस्तीसेक वर्षे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा त्यातल्या पहिल्या प्रयोगाकडे पुन्हा पुन्हा वळत राहिल्या. प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झाला होता आणि सहभागी तिथलेच विद्यार्थी होते. त्यांना सांगण्यात आले की अपंग व्यक्तींना रोजची कामे शरीराच्या वेगळ्याच अवयवाने करावी लागतात, आणि ते कितपत जमते हे आम्हाला पाहायचे आहे. मग कोणी पेन दातांत धरले, कोणी ओठांत आवळले, कोणी सरळ हातात घेतले. रेषा जोडणे, स्वरांखाली खुणा करणे अशी किरकोळ कामे आधी झाली. शेवटी ‘द फार साइड’ या मालिकेतली चार व्यंगचित्रे समोर ठेवली गेली आणि प्रत्येक चित्र किती मजेशीर वाटते याला ० ते ९ या पट्टीवर गुण द्यायला सांगण्यात आले.

पेन ओठांना न लागू देता दातांत धरले की हसताना ओढले जाणारे गालांचे स्नायू आपोआप ओढले जातात. ओठांत आवळले तर हसणे अशक्यच. ओठवाल्यांची सरासरी ४.३२ आली, हातवाल्यांची ४.७७ आणि दातवाल्यांची ५.१४. ‘हसा’ असे कोणी म्हटले नव्हते, भावनेचे नावही काढले नव्हते. तरी चेहऱ्याच्या ठेवणीने मनाचा कौल थोडासा हलवला, असा त्याचा अर्थ लावला गेला.

एवढा आडमार्ग का घ्यावा लागला? चेहऱ्यावरचे भाव भावनेला खतपाणी घालतात ही कल्पना डार्विन आणि विल्यम जेम्स यांच्या काळापासूनची. ती तपासायची तर सरळ सांगता आले असते की हसरा चेहरा करा आणि कसे वाटते ते लिहा. पण तसे सांगितले की समोरच्या विद्यार्थ्याला कळते की आपल्याकडून ‘छान वाटते’ हे उत्तर अपेक्षित आहे. १९७४ साली जेम्स लेअर्ड यांनी चेहऱ्याला इलेक्ट्रोड लावले, आम्ही स्नायूंची हालचाल मोजतो आहोत असे सांगितले आणि एकेक स्नायू आकसायला लावून हसू किंवा आठ्या घडवल्या. तरीही ज्यांना संशय आला त्यांना आकडेमोडीतून वगळावे लागले. पेनची युक्ती हा त्या संशयावरचाच उपाय होता.

या संशयाला नाव दिले मार्टिन ऑर्न यांनी. ते संमोहनाचे अभ्यासक होते. प्रयोगाच्या मांडणीतून, सूचनांतून, प्रयोगकर्त्याच्या वागण्यातून, कॅम्पसवरच्या कुजबुजीतून सहभागी व्यक्तीला ‘इथे काय हवे आहे’ याचा जो सुगावा लागतो, त्याला १९६२ च्या लेखात त्यांनी ‘डिमांड कॅरॅक्टरिस्टिक्स’ म्हटले. आपण मराठीत त्याला प्रयोगाची छुपी मागणी म्हणू. ऑर्नना संमोहनाच्या प्रयोगांशी तुलना करण्यासाठी असे एक काम हवे होते, जे शुद्धीवरचा माणूस कंटाळून टाकून देईल. त्यांनी विद्यार्थ्यांसमोर बेरजांचे कागद ठेवले. एका कागदावर २२४ बेरजा, आणि असे सुमारे २००० कागद. घड्याळ काढून घेतले आणि ‘मी परत येईन’ एवढे सांगून प्रयोगकर्ता निघून गेला. साडेपाच तासांनी थकला तो प्रयोगकर्ताच. मग त्यांनी काम आणखी निरर्थक केले. प्रत्येक कागद सोडवून झाला की त्याचे किमान ३२ तुकडे करायचे आणि पुढचा घ्यायचा. विद्यार्थी तेही तासन्तास करत राहिले. नंतर विचारल्यावर बहुतेकांनी त्या कामाला काही ना काही अर्थ जोडलेला निघाला. सहनशक्तीची चाचणी असेल, असे त्यांना वाटले होते.

ऑर्न यांचे निरीक्षण मला आजही अचूक वाटते. प्रयोगाला आलेला विद्यार्थी आळशी नसतो की खोटारडाही नसतो. त्याला चांगला सहभागी व्हायचे असते. विज्ञानाला मदत होणार आहे या श्रद्धेने तो प्रयोगकर्त्याला हवे ते देतो, आणि त्याच्या या सज्जनपणामुळेच निष्कर्ष बिघडतो. आपल्याकडे बी.ए.च्या प्रात्यक्षिकांत शेजारच्या बाकावरचाच मित्र सहभागी म्हणून बसतो. त्याने तोच प्रयोग आदल्या आठवड्यात स्वतःच्या जर्नलमध्ये उतरवलेला असतो. तिथे छुपी मागणी छुपीसुद्धा राहत नाही.

ऑर्न यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे कमी लक्ष गेले. प्रयोगानंतर ‘आमचा उद्देश ओळखलात का?’ असे विचारले की बहुतेक जण नाही म्हणतात. ओळखला असे सांगितले तर आपली माहिती फुकट जाईल हे सहभाग्याला कळते, आणि एक सहभागी गमवायची प्रयोगकर्त्याचीही इच्छा नसते. दोघे न बोलता अज्ञानाचा करार करतात. म्हणून आज विचारपूस नरसाळ्यासारखी करतात. आधी मोकळे प्रश्न, म्हणजे प्रयोग कशाबद्दल होता असे वाटते, काही विचित्र वाटले का. मग हळूहळू नेमके. पेन आणि चित्रे यांचा संबंध असेल असे वाटले होते का, हा प्रश्न अगदी शेवटी. तो आधी विचारला तर प्रश्नच उत्तर शिकवतो.

उद्देश लपवणे ही एक गरज झाली. दुसरी गरज तिच्या नेमकी उलट दिशेने ओढते. पेन दातांत दिले म्हणजे हसण्याचे स्नायू खरेच ओढले गेले, हे कशावरून? दिलेली सूचना सहभाग्यावर लागू पडली की नाही याच्या तपासणीला ‘मॅनिप्युलेशन चेक’ म्हणतात. लोकांना दुःखी करणारी चित्रफीत दाखवली तर त्यांना दुःख झाले का, हे विचारायचे. ही तपासणी नसेल तर निकाल शून्य आल्यावर कल्पना चुकली की पेनच नीट धरले गेले नाही, हे ठरवता येत नाही. पण इथे विचारणार काय? ‘पेन धरताना तुम्ही हसत होतात का?’ या एका वाक्याने सगळा पडदा फाटतो. गुण देण्याआधी विचारले तर गुणांवर त्याचा परिणाम होतो. नंतर विचारले तर ज्याने जास्त गुण दिले तो मागे वळून ‘हो, हसत असेन’ असे म्हणू शकतो, आणि तपासणी निकालाचीच सावली बनते. इलेक्ट्रोड लावले तर लक्ष पुन्हा चेहऱ्याकडेच जाते. डोळ्यांनी पाहावे, एवढाच मार्ग उरतो.

या पेचाचे मोल २०१६ मध्ये कळले. अ‍ॅमस्टरडॅमचे एरिक-यान वाखेनमाकर्स यांच्या पुढाकाराने १७ प्रयोगशाळांनी पेनचा प्रयोग आधी जाहीर केलेल्या एकाच आराखड्याने पुन्हा केला. एकूण सहभागी १८९४. सगळीकडे सारख्याच सूचना मिळाव्यात म्हणून त्या ध्वनिचित्रफितीतून दिल्या. पेन नीट धरले की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येकासमोर कॅमेरा ठेवला. चारपैकी दोन किंवा अधिक चित्रांच्या वेळी पेन चुकीचे धरले असेल तर तो सहभागी बाद, उद्देश ओळखला असेल तरीही बाद. कागदावर हे मूळ प्रयोगापेक्षा अधिक काटेकोर होते. मूळच्या ०.८२ गुणांच्या फरकाच्या जागी सरासरी फरक आला ०.०३, म्हणजे जवळपास शून्य.

श्ट्राक यांनी लगेच हरकती घेतल्या, त्यांतल्या दोन इथे महत्त्वाच्या. पहिली विद्यार्थ्यांबद्दल. अनेक ठिकाणी सहभागी मानसशास्त्राचेच विद्यार्थी होते, आणि पेनचा प्रयोग तोवर पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता. दुसरी हरकत कॅमेऱ्याबद्दल. आपल्याकडे कोणी पाहते आहे ही जाणीव झाली की माणूस आतून येणाऱ्या सूक्ष्म खुणांवर विसंबणे सोडतो, असे त्यांचे म्हणणे होते. हरल्यानंतरची पळवाट म्हणून अनेकांनी हे झटकले. मला ते अन्यायाचे वाटते, कारण ही हरकत तपासता येण्याजोगी होती.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या तॉम नोआह, याकोव्ह शूल आणि रूथ मायो यांनी ती तपासली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात निम्म्या सहभाग्यांसमोर कॅमेरा होता, निम्म्यांसमोर नव्हता. कॅमेरा नसताना दातवाल्यांना चित्रे जास्त मजेशीर वाटली, कॅमेरा असताना फरक दिसला नाही. ऐकायला हे फारच नीटनेटके वाटते. पण एका गटात फरक दिसला आणि दुसऱ्यात दिसला नाही, एवढ्यावरून दोन गट वेगळे ठरत नाहीत. त्या दोन फरकांमधला फरक स्वतंत्रपणे भक्कम असावा लागतो, आणि इथे तो डळमळीतच होता. कॅमेऱ्याचा दोष सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तपासणीचे साधन तटस्थ असते असे गृहीत धरणे मात्र तिथून अवघड झाले.

सहभागी वगळण्याचा प्रश्न याहून कमी चर्चिला गेला, आणि माझ्या मते तो जास्त घातक आहे. समजा प्रत्येक गटात शंभर विद्यार्थी आहेत. दातांत पेन धरल्यावर आपण हसल्यासारखे दिसतो हे पंधरा जणांच्या लक्षात येते. ओठांत धरणाऱ्यांपैकी चारच जणांना काही सुचते. ओळखणाऱ्यांना काढले की उरतात पंच्याऐंशी आणि शहाण्णव. काढले गेलेले पंधरा जण स्वतःच्या चेहऱ्याकडे बारीक लक्ष देणारे होते. दातवाल्या गटातून अशी माणसे गेली, ओठवाल्या गटात ती तशीच राहिली. सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून सारखे केलेले गट आता सारखे नाहीत. पेन चुकीचे धरणाऱ्यांनाही हेच लागू होते, कारण ओठांत धरणे जास्त अवघड असते. म्हणून कोणालाही न वगळता केलेली आकडेमोड शेजारी छापलेली नसेल, तर अशा निष्कर्षावर मी विसंबत नाही.

त्यानंतर निकोलस कोल्स आणि सहकाऱ्यांनी छुपी मागणी लपवण्याऐवजी तीच बदलून पाहिली. काही सहभाग्यांना सांगितले की चेहऱ्याच्या ठेवणीने भावना बदलते, काहींना सांगितले की बदलत नाही. अपेक्षा सांगितल्याने परिणाम कमीजास्त झाला, म्हणजे छुपी मागणी खरीच काम करते. पण ‘काही होत नाही’ असे ऐकलेल्यांतही थोडा परिणाम उरलाच. २०२२ मध्ये कोल्स यांच्याच नेतृत्वाखाली १९ देशांतल्या ३८७८ सहभाग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छायाचित्रातल्या हसऱ्या चेहऱ्याची नक्कल करणे किंवा सांगितलेले स्नायू हलवणे यांनी आनंदाची भावना थोडी वाढली. पेनच्या पद्धतीचा पुरावा मात्र अनिर्णित राहिला. छुप्या मागणीपासून सर्वांत दूर राहायला शोधलेली युक्तीच सर्वांत अशक्त निघाली. याचे एक संभाव्य कारण साधे आहे. पेनमुळे येते ते अर्धेमुर्धे हसू. गाल ओढले जातात, पण डोळ्यांभोवतीचे स्नायू आकसतीलच असे नाही.

यातून कामाची एक पद्धत निघते. पेनने हसू येते का, हे वेगळ्याच विद्यार्थ्यांवर आधी कॅमेरा लावून, स्नायूंचे मापन करून पाहायचे आणि मुख्य प्रयोगात कॅमेरा ठेवायचाच नाही. याची किंमत अशी की पेन गटाला सरासरीने लागू पडते एवढेच कळते. मुख्य प्रयोगातल्या एखाद्या विद्यार्थ्याने ते नीट धरले होते का, हे कधीच सांगता येत नाही, आणि निकाल शून्य आला तर जुना प्रश्न अर्ध्याने तरी परत येतो.