भिंत सोसायटीची, एसी तुमचा

एप्रिल लागला की सोसायटीच्या ऑफिसात एकाच मजकुराचे अर्ज येऊ लागतात: 'मी घरात एसी बसवत आहे, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती.' सेक्रेटरी तो फाइलला लावतात आणि 'पुढच्या मीटिंगला ठेवतो' म्हणतात. तोवर मे सरतो. कमिटीचा आडमुठेपणा यात नसतोच असं नाही, पण बहुतेक वेळा त्या दोन ओळींत ठरवण्यासारखं काही नसतं. घरात एसी लावायला कोणाची ना नसते. अडतं ते बाहेरच्या युनिटवर. फ्लॅट आतून तुमचा असला तरी बाहेरची भिंत सगळ्या सभासदांची, आणि फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी असं आदर्श उपविधी सांगतात.

कमिटीला कळायला हवं ते इतकंच: युनिट नेमकं कुठे, कशाच्या आधारावर, आणि पाणी कुठे जाणार. ठाण्यातल्या एखाद्या चार मजली, पंचवीसेक वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सभासदाचं पत्र मग असं होतं:

'विषय: सदनिका क्र. ३०२, बेडरूमच्या पश्चिमेकडील बाह्य भिंतीवर एसीचे आउटडोअर युनिट बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, वरील सदनिकेत दीड टनाचा स्प्लिट एसी बसविण्याचा माझा विचार आहे. आउटडोअर युनिटचे वजन सुमारे ३० किलो असून ते खिडकीच्या उजवीकडे, छज्जाचा आधार न घेता, लोखंडी ब्रॅकेटवर बसविले जाईल. ब्रॅकेटचे बोल्ट भिंतीतून आरपार घेऊन आतून पट्टी लावली जाईल. पाइपसाठीचे छिद्र विटांच्या भिंतीत घेतले जाईल. बीम वा कॉलमला छिद्र पाडले जाणार नाही. पाण्याची नळी भिंतीलगत क्लॅम्पने खाली नेऊन पावसाळी पाइपात सोडली जाईल. जागेचा फोटो खूण करून सोबत जोडला आहे.'

यात वजनाचा आकडा मुद्दाम घातला आहे, कारण दीड टन हे थंडाव्याचं माप आहे; ते वजन समजून घाबरणारा एक तरी सभासद प्रत्येक कमिटीत असतो. आरपार बोल्टचं कारण जास्त महत्त्वाचं. जुन्या इमारतीत प्लास्टर सुटलेलं असतं, नव्या इमारतींतले हलके सिमेंट ब्लॉक ठिसूळ असतात. दोन्हीकडे नुसता ठोकलेला फास्टनर कॉम्प्रेसरच्या थरथरीने हळूहळू सैल होतो. ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टभोवती केसासारखी चीर दिसली किंवा युनिट किंचित पुढे झुकलं, तर तेवढ्यावर एसी बंद करून माणूस बोलवावा. पाइपाचं छिद्र बाहेरच्या बाजूला जरा उतरतं हवं, नाहीतर पावसाचं पाणी त्याच वाटेने बेडरूमच्या भिंतीत शिरतं. आणि बीममधून छिद्र घेतलं तर आतली सळई कापली जाण्याचा धोका असतो. बसवणाऱ्या माणसाला घाई असते. ही गोष्ट त्याला आधीच बजावलेली बरी.

खरी भांडणं मात्र पाण्यावरून होतात. हे पाणी आतल्या युनिटचं. दमट हवेत रात्रभरात बादलीभर निघू शकतं. नळी तशीच लोंबती सोडली की ते खालच्या मजल्याच्या पत्र्यावर टप टप पडत राहतं, आणि रात्री दोनला तो आवाज ऐकत पडलेले खालचे काका दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या दारात उभे असतात. म्हणून पत्रात नळीचा शेवट कुठे, ते लिहिलंच पाहिजे. युनिटची गरम हवा शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर येत असेल तर त्यांची सही आधीच घेतलेली बरी.

शेवटच्या परिच्छेदात हमी द्यावी: इमारतीच्या रंगकामाच्या किंवा दुरुस्तीच्या वेळी युनिट स्वखर्चाने काढून देईन, आणि बसवताना भिंतीचं नुकसान झालं तर भरून देईन. ही ओळ लिहिताना खर्चही लक्षात घ्यावा. युनिट उतरवण्याआधी गॅस आत ओढून घ्यावा लागतो, पुन्हा बसवताना कधी नवा भरावाही लागतो, आणि परांची बांधली की कंत्राटदार थांबत नाही. भाडेकरूने असं पत्र देऊन उपयोग नाही. सही सभासद असलेल्या मालकाचीच लागते.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एकीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. सेक्रेटरी जिन्यात भेटल्यावर 'लावा हो, काय त्यात' म्हणाले तरी लेखी उत्तर येईपर्यंत ड्रिल लावू नये. पुढच्या वर्षी कमिटी बदलली की जिन्यातलं बोलणं कोणाला आठवत नाही.