घाटाची बाकी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरून सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळले, की वाईपर्यंतचा रस्ता किरकोळ चढउतार सोडता सपाट आहे. आणि वाई मागे टाकून पसरणी गावापाशी पोहोचले, की तोच रस्ता डोंगराच्या अंगाला बिलगून थेट पाचगणीपर्यंत चढतच जातो. सुरूर ते वाई सुमारे १२ किलोमीटर, वाई ते पाचगणी साधारण तितकेच, आणि या दुसऱ्या टप्प्यातील चढाई पावणेसहाशे मीटरच्या आसपास. हिशेबाच्या सोयीसाठी ती आपण ६०० मीटर धरू, म्हणजे चूक झालीच तर ती सायकलस्वाराच्या सुरक्षिततेच्या बाजूने होईल. दर शंभर मीटरला पाच मीटर चढणारा हा घाट अतितीव्र नव्हे, पण त्यात विसाव्यासाठी सपाटी म्हणून जवळजवळ नाही, आणि जाण्याचा व येण्याचा मार्ग एकच असल्यामुळे गणिताच्या दृष्टीने तो एक आदर्श नमुना ठरतो.

गेल्या हिवाळ्यात या वाटेने निघण्यापूर्वी माझ्या पुतण्याने आदल्या रात्री वहीत वेळेचा तक्ता मांडला होता. सपाटीवर आम्ही ताशी २४ किलोमीटरने जातो, घाट चढताना ताशी १० आणि उतरताना वळणांमुळे ताशी ३० एवढाच वेग पडतो, हे आम्हा दोघांच्याही अनुभवाचे आकडे होते. "काका, वर दहाने आणि खाली तीसने, म्हणजे घाटाची सरासरी वीस," असे म्हणून त्याने घाटाच्या जाण्यायेण्याच्या २४ किलोमीटरना ७२ मिनिटे, सपाटीच्या २४ किलोमीटरना ६० मिनिटे, अशी एकूण २ तास १२ मिनिटे लिहिली. आणि पाचगणीतला वीस मिनिटांचा चहा धरून, सहाला निघालो तर साडेआठच्या सुमारास फाट्यावर परत, असा निरोप त्याने घरी देऊन ठेवला.

त्या वहीतला ७२ हा आकडा मी त्याला पुन्हा एकदा पाहायला सांगितले. घाटाचे १२ किलोमीटर ताशी दहाच्या वेगाने चढायला किती वेळ लागतो? नेमकी ७२ मिनिटे. म्हणजे त्याने जाण्यायेण्याला मिळून जो वेळ दिला होता तो सगळाच्या सगळा चढणीनेच खाऊन टाकला होता, आणि पाचगणीहून वाईला उतरण्यासाठी एक क्षणही शिल्लक उरत नव्हता. उतरणीचे १२ किलोमीटर ताशी तीसने २४ मिनिटांचे. तेव्हा घाटाची एकूण ९६ मिनिटे, आणि २४ किलोमीटरना ९६ मिनिटांनी भागले असता घाटाची खरी सरासरी ताशी १५ किलोमीटर येते, वीस नव्हे. सपाटीची ६० मिनिटे त्यात मिळवली की एकूण १५६ मिनिटे, म्हणजे २ तास ३६ मिनिटे, आणि संपूर्ण ४८ किलोमीटरची सरासरी ताशी साडेअठराच्या किंचित आत.

चूक कोठे झाली? दहा आणि तीस यांचा अंकगणिती मध्य वीस आहे, हे निर्विवाद. परंतु तो मध्य तेव्हाच लागू पडतो जेव्हा दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास झाला असेल. येथे अंतर सारखे आहे, वेळ नाही: सायकलस्वार मंद वेगात ७२ मिनिटे राहतो आणि जलद वेगात केवळ २४, सबब मंद वेगाचे वजन तिप्पट पडते. अंतर समान असता वेगांचा जो मध्य घ्यावा लागतो त्यास हरात्मक मध्य म्हणतात. दोन वेगांच्या गुणाकाराच्या दुपटीस त्यांच्या बेरजेने भागले की तो मिळतो, आणि दहा व तीस यांच्या बाबतीत ६०० भागिले ४० म्हणजे १५ हे उत्तर लगेच येते. रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त चार झरे एकच हौद वेगवेगळ्या वेळांत भरतात, ते एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल, असा प्रश्न आहे. तेथेही वेळांची बेरीज न करता त्यांच्या व्यस्तांची बेरीज करावी लागते, आणि घाटाच्या हिशेबात वेगांचे व्यस्त मिळवताना आपण वस्तुतः तेच करीत असतो.

या मध्याला एक कठोर मर्यादा आहे. ज्या वेगाने घाट चढला त्याच्या दुप्पट सरासरी, उतरणीवर सायकल कितीही भरधाव सोडली तरी, जाण्यायेण्याच्या प्रवासात कधीही मिळणार नाही. कारण त्या सरासरीला लागणारा सारा वेळ वर पोहोचेपर्यंतच खर्ची पडलेला असतो. आमच्या मार्गावर कोणी सपाटीची ताशी २४ ही सरासरी अखेरपर्यंत राखायची असे ठरवले, तर ४८ किलोमीटरना त्याच्यापाशी १२० मिनिटे असतील. पाचगणीला पोहोचताना त्यांपैकी १०२ संपलेली असतील, उरलेल्या १८ मिनिटांत घाटही उतरायचा आणि वाई ते सुरूर ही एकट्यानेच ३० मिनिटे मागणारी सपाटीही ओलांडायची!

मग घाटाने चढताना घेतलेले कर्ज तो उतरताना फेडत का नाही, हा प्रश्न मनात येतो, आणि त्याचे उत्तर हवेत व ब्रेकमध्ये आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरले, तर ६०० मीटर उंचीवर नेण्यात सुमारे ४७० किलोज्यूल ऊर्जा जमा होते. ताशी १० किलोमीटरच्या वेगाला हवेचा अडथळा नगण्य असल्यामुळे पायांनी केलेल्या श्रमांपैकी सुमारे ८५ टक्के श्रम असे उंचीच्या खात्यात जातात. ती ठेव उतरताना पूर्ण मोकळी होते खरी, परंतु हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट होतो. त्यामुळे पाच टक्के उतारावर ताठ बसलेल्या स्वाराची सायकल पेडल न मारता ताशी चाळीसच्या आसपास येऊन स्थिरावते आणि पुढे वाढत नाही. शिवाय पसरणीच्या वळणांवर समोरून एसटी येत असताना चाळीसने उतरणे शहाणपणाचे नसते. ताशी तीसने उतरायचे तर जमा ऊर्जेचा सुमारे दोनपंचमांश भाग ब्रेकच्या रबरातून उष्णता होऊन निघून जातो. आम्ही पायथ्याशी थांबलो तेव्हा मागच्या चाकाच्या धावेला पुतण्याने बोट लावले आणि झटकन मागे घेतले. घाटाच्या जमाखर्चातली ती रक्कम त्या लोखंडात प्रत्यक्ष हाताला लागत होती.

यातून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. चढणीचा वेग दहावरून अकरा झाला, तर घाट ७२ ऐवजी साडेपासष्ट मिनिटांत चढून होतो, म्हणजे साडेसहा मिनिटे वाचतात. उतरणीचा वेग तीसवरून चाळीस केला, तर २४ ऐवजी १८ मिनिटे, म्हणजे सहाच मिनिटे वाचतात. चढणीवर एका किलोमीटरची वाढ ही उतरणीवरील दहा किलोमीटरच्या वाढीहून अधिक फलदायी आहे, आणि पहिलीत धाप लागण्यापलीकडे भय नाही.

ज्यास अपरिचित घाटाचा वेळ आगाऊ काढायचा असेल त्याने ताशी किती किलोमीटर याचा विचार सोडून ताशी किती मीटर उंची चढतो, हे आपले माप ठरवावे. आमचे ७२ मिनिटांत ६०० मीटर, म्हणजे तासाला ५००. कोणत्याही ठाऊक असलेल्या टेकडीवर शंभर मीटर चढायला लागणारा वेळ घड्याळावर पाहिला की आपले माप सापडते. श्रमांचा बहुतेक भाग उंचीलाच लागत असल्यामुळे घाट एकसारखा आहे की अर्धा सौम्य व अर्धा खडा आहे, याने फार फरक पडत नाही: अर्धे अंतर तीन टक्क्यांचे आणि अर्धे सात टक्क्यांचे असते, तरी त्याच ताकदीने चढणाऱ्यास ७२ ऐवजी सुमारे ७४ मिनिटेच लागतील, अर्थात खड्या भागात पेलेल असा हलका गिअर सायकलीला असला तर. उंची काढण्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारात एक या प्रमाणाचा नकाशा पुरेसा आहे; त्यावर समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात, रस्त्याने किती रेषा ओलांडल्या ते मोजले की झाले. मात्र हे माप तीव्र चढासाठीच खरे. एकदोन टक्क्यांच्या चढावर हवा आणि चाकाचे घर्षण यांचा वाटा मोठा होतो, आणि तेथे अंतराचाच हिशेब धरावा.

प्रवास झाल्यावर सरासरी पडताळतानाही तीच जुनी चूक वेगळ्या रूपात परतून येते. पुतण्याने प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी सायकलच्या यंत्रावरचा वेग टिपला होता, आणि त्या ४८ आकड्यांची बेरीज करून भागल्यावर त्यास ताशी २२ मिळाले. हेच आकडे त्याने दर मिनिटाला टिपले असते तर उत्तर साडेअठरा आले असते. कारण दगडादगडाला टिपल्याने अंतराचे समान वाटे पडतात, मिनिटाला टिपल्याने वेळेचे. पुष्कळशी यंत्रे सायकल थांबली की घड्याळही थांबवतात, हेही ध्यानात ठेवावे: त्यांचे साडेअठरा हे चालत्या वेळेचे असतात, आणि पाचगणीतली वीस मिनिटे धरून मुक्कामापासून मुक्कामापर्यंतची सरासरी साडेसोळाच्याही थोडी खाली जाते. घरी निरोप देताना हाच दुसरा आकडा धरायचा असतो.

आम्ही सहाला निघालो होतो. साडेसहाला वाई आली, सात वाजून बेचाळीस मिनिटांनी पाचगणी. आठ वाजून दोन मिनिटांनी तेथून निघून आठ सव्वीसला आम्ही पुन्हा वाईत होतो, आणि साडेआठ वाजता, जेव्हा घरच्यांच्या हिशेबाने आम्ही फाट्यावर असायला हवे होते, तेव्हा सुरूरचा रस्ता अजून जवळजवळ सगळा समोर पसरलेला होता. फाट्यावर पोहोचलो तेव्हा घड्याळात आठ छप्पन्न झाले होते.