बंद शटरमागचा सेट-टॉप बॉक्स

टीव्ही युनिटला सनमायकाचे शटर लावले की वायरींचा पसारा झाकला जातो, पण त्याच क्षणी सेट-टॉप बॉक्सचा रिमोट मुका होतो. शेजारच्या प्लेस्टेशनचा कंट्रोलर मात्र दार बंद असूनही चालतो. कारण सेट-टॉप बॉक्सचे बहुतेक रिमोट डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात, साधारण सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकणारा. प्लायवूड प्रकाश अडवते. प्लेस्टेशनचा कंट्रोलर ब्लूटूथवर, म्हणजे रेडिओ लहरींवर चालतो आणि त्या लाकडातून जातात, पत्र्यातून नाही.

आपला रिमोट कोणत्या जातीचा, हे मोबाइलवर कळते. सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिणगी दिसली तर प्रकाशाचा रिमोट. एकापेक्षा जास्त बटणे तपासा, कारण काही रिमोटमध्ये टीव्हीचा आवाज प्रकाशाने आणि बाकी सगळे ब्लूटूथने चालते.

प्रकाशाच्या रिमोटसाठी 'आयआर रिपीटर' मिळतो. त्याचा छोटा डोळा शटरबाहेर चिकटवायचा. तो खूण पकडतो, वायरीने आत पाठवतो आणि आतला एमिटर, म्हणजे छोटा दिवा, तीच खूण बॉक्सला देतो. एमिटर नेमका बॉक्सच्या सेन्सरवर बसायला हवा. पुढच्या काळ्या पट्टीवर टॉर्च मारलात तर बहुधा तो आत गोल टिकलीसारखा दिसतो. आधी साध्या चिकटपट्टीने लावून दार बंद करून तपासा, मगच कायमचा चिकटवा. रिपीटरला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. अनेक टीव्ही बंद होताच ती तोडतात आणि मग बॉक्स रिमोटने सुरूच होत नाही. मोबाइलचा चार्जर वापरावा.

बऱ्याच रिपीटरच्या डोळ्यात एक बारीक दिवा असतो. बिघाड तिथेच कळतो. बटण दाबल्यावर तो लुकलुकला, तरी बॉक्स ढिम्म राहिला, तर एमिटर सरकला आहे. कोणी बटण दाबलेले नसताना लुकलुकत असेल, तर डोळ्यावर ऊन किंवा टीव्हीचा प्रकाश पडतो आहे. डोळा थोडा हलवून पाहा. एमिटरचाच प्रकाश फटीतून डोळ्यापर्यंत पोहोचला तरी असेच होते. मग एमिटरवर काळी टेप लावावी.

कन्सोलचा कंट्रोलर अडखळू लागला, तर त्याला जोडलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आधी दूर सरकवा. तिच्यातून निघणारा गोंगाट ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात घुसतो.

उष्णतेवर मात्र रिपीटर काही करू शकत नाही. मोठा खेळ चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट वीज खाते आणि त्या सगळ्याची उष्णता बंद खणातच साठते. युनिटची मागची फळी मोठी कापून घ्या, आणि खेळताना शटर उघडेच ठेवा.