साबणानं जातं गं

‘केतकी, आज तुला खरं सांगते. माझ्या पाटल्या मी गहाण टाकल्यात. अमेयला मोबाइलवर पैसे लावायचं व्यसन लागलं, त्याचं कर्ज फेडायला. काकांना यातलं काही माहीत नाही.’

दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी लिहिलेलं स्वगत असं सुरू झालं, तर ते तिथेच संपलं. सगळी माहिती मिळाली, आता बघणाऱ्यानं पुढे थांबायचं कशाला? उरलेला वेळ नटीला रडून भरून काढावा लागतो आणि बहुतेक रील्समध्ये नेमकं तेच होतं. दुसरी अडचण खोटेपणाची आहे. महिनोन्महिने गोष्ट लपवणारी बाई ती अशी क्रमवार सांगत नाही. ती भलत्याच विषयावर बोलते आणि बोलता बोलता एखादी वस्तू, एखादा आकडा तिच्या तोंडून निसटतो.

हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, १९११ च्या सुमारास नाट्यछटा लिहायला घेतल्या. त्यामागे रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांची प्रेरणा होती. ब्राउनिंगच्या १८४२ सालच्या प्रसिद्ध कवितेतला सरदार पाहुण्याला दिवंगत पत्नीचं चित्र दाखवतो आणि चित्राविषयी बोलता बोलता तिचं काय झालं असावं ते आपल्याला कळतं. नाट्यछटेतही एकच माणूस बोलतो, समोरचा दिसत नाही, तरी तो आहे हे जाणवत राहतं. मोबाइलच्या उभ्या चौकटीला हा साचा फार सोयीचा आहे, कारण आपण रोज कुणाला तरी असे व्हिडिओ पाठवतच असतो.

तेव्हा पाटल्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लिहू. आधी ठरवायचं, मावशी कुणाशी आणि कोणत्या कामासाठी बोलतेय. भाचीचं लग्न ठरलंय, तिला मावशीच्या पाटल्यांसारख्याच पाटल्या करायच्यात आणि तिनं फोटो मागितलाय. म्हणजे जे लपवायचं तेच दाखवायची वेळ मावशीवर आलीय. ही अडचण हातात आली की अर्धं काम झालं. मग नोंदी करायच्या, पण भावनांच्या नव्हे. पाटल्या गहाण टाकलेल्या बाईलाच काय माहीत असतं? सोनेतारण कर्ज देणारे दागिन्यातली लाख, खडे, मणी यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्यावर पैसे देतात. नवऱ्याच्या लक्षात येऊ नये म्हणून ती हातात काय घालेल? एक ग्रॅमच्या पाटल्या. त्यांचं काय होतं? साबणानं मुलामा उतरतो.

यातून असं काहीसं तयार होईल:

‘केतकी, मेसेज बघितला गं. फोटो काय, हे बघ, (मनगट कॅमेऱ्यासमोर धरते, लगेच खाली घेते) दिसली ना नक्षी? थांब, भांडी घासायचीत, काढून ठेवते. साबणानं जातं गं. काका म्हणतात, तीस वर्षं हातातून काढल्या नाहीस, आताच काय झालं? म्हटलं, वय झालं, हात सुजतात. तू मात्र भरीव कर हं. लाख भरलेल्या नकोच. माझ्या आईच्या या, दिसायला केवढ्या जाड! पण लाख वजा करून चौतीस ग्रॅमचे सत्तावीसच धरले त्यांनी. (थांबते) धरतात. असं म्हणतात. अमेय बरा आहे. बटणांचा फोन वापरतो आता, मीच आणून दिला. रात्री आमच्याबरोबर जेवायला बसतो. आणि लग्नात मी हिरवा चुडा भरणार आहे, चांगला हातभर. मावशीनं नटायला नको? चल, पाठवते हे.’

सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. वरचा मजकूर शंभराच्या आसपास आहे. हालचाल आणि थांबे धरून तो दीड मिनिटात आरामात बसतो. दीड मिनिट आहे म्हणून दोनशे शब्द कोंबले, तर ‘धरले’ आणि ‘धरतात’ यांच्या मधला थांबा सगळ्यांत आधी मारला जातो. तोच गेला तर व्हिडिओ करण्यात अर्थ नाही.

आता तपशिलांची निवड बघा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: गुपित नसलेली बाईसुद्धा हे वाक्य बोलली असती का? ‘हल्ली झोप लागत नाही’ हे कुणीही म्हणेल, म्हणून ते बाद. खऱ्या सोन्याच्या पाटल्या घालून बायका जन्मभर भांडी घासतात, त्यामुळे ‘साबणानं जातं’ हे फक्त खोट्या पाटल्या घालणारीच म्हणेल. सत्तावीसचा आकडा तर वजनकाट्यासमोर उभी राहिलेलीच सांगू शकते. क्रमही मुद्दाम तसा आहे. साबणाचं वाक्य पहिल्यांदा कानावरून जातं. आकडा आला की ते मागे जाऊन नवा अर्थ घेतं. बटणांचा फोन शेवटी येतो, कारण पैसे कुठे गेले हा प्रश्न तोवर मनात आलेला असतो. आधी फोन सांगितला असता तर ती नुसती घरची खबरबात राहिली असती.

आकड्याच्या वाक्यात क्रियापदाचा काळ बदलतो, ती या स्वगतातली खरी कबुली. लेखकाला इथे मोह होतो की मावशीच्या डोळ्यांत पाणी आणावं. आणू नये. ती चूक झाकतेय. झाकणारा माणूस घाईनं विषय बदलतो, आणि अमेयची चौकशी कुणी केली नसताना ती त्याच्याबद्दल बोलू लागते ती त्याच घाईत.

कॅमेऱ्यानं शब्दांची नक्कल करू नये. ‘साबणानं जातं’ या वाक्यावर विटलेल्या पाटलीचा क्लोजअप घेतला की बघणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. त्याऐवजी चौकट एकच ठेवावी: फोन फळीला टेकवलेला, मावशी कमरेपासून वर, हात बहुतेक वेळ चौकटीबाहेर. त्याहून मोठा धोका अक्षरांचा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून खाली मजकूर द्यावा लागतो. पण ‘सत्तावीसच धरले त्यांनी. धरतात.’ हे एकाच ओळीत उमटलं तर नटी थांबायच्या आत बघणाऱ्यानं चूक आणि दुरुस्ती दोन्ही वाचलेली असतात. ‘धरतात’ वेगळ्या ओळीत, ती बोलेल त्याच क्षणी यायला हवं. वर ‘गहाण पाटल्या’ असं शीर्षक चिकटवणाऱ्याला तर काय म्हणावं!

उलटी चूकही होते: तपशील इतका आडवळणाचा की कुणालाच काही कळत नाही. म्हणून चित्रीकरणाआधी गोष्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना स्वगत वाचून दाखवावं. ‘कळलं का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘पाटल्या कुठे आहेत?’ असं विचारावं. सोनेतारणाशी कधी संबंध न आलेल्या तरुणाला लाखेचा हिशेब समजणार नाही. त्याच्यासाठी साबण आहे. दोन्ही सुटले तर तिसरी खूण घालण्यापेक्षा आधीची एक साधी करावी. बटणांच्या फोनवरून प्रत्येकाला मोबाइलवरचा जुगार आठवेलच असं नाही. काहींना वाटेल मुलगी भानगडीत आहे, काहींना वाटेल अभ्यास. मी ते तसंच राहू देईन. मुलामुळे पैसे गेले एवढं कळलं तरी पुरे, कारण गुपित मावशीचं आहे. कच्च्या खर्ड्यात शेवटी आणखी एक वाक्य होतं: ‘काकांना यातलं काही विचारू नकोस हं.’ ते मात्र काढलं, कारण काकांपासून काय लपवलंय ते ‘हात सुजतात’ मध्ये येऊन गेलेलं आहे.