एका लिटर डिझेलचा हिशेब

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत साडेबासष्ट के.व्ही.ए.चा जनरेटर आहे. गेल्या पावसाळ्यात वार्षिक सभेत एका सभासदाने त्याच्या डिझेलचा प्रश्न काढला. कंपनीच्या पत्रकाप्रमाणे पूर्ण भारावर, म्हणजे पन्नास किलोवॅटवर, तासाला साडेतेरा लिटर लागतात. आमचा भार मात्र दहाच किलोवॅट: लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. म्हणजे एक पंचमांश. मग डिझेलही एक पंचमांश, २.७ लिटर लागायला हवे. वहीत मात्र तासाला ४.३ लिटरची नोंद होती. उरलेले दीड लिटर कुठे जाते, असे विचारताना साऱ्यांच्या नजरा वॉचमनकडे वळल्या.

त्रैराशिक चोख होते, पण इंजिन त्रैराशिकाने चालत नाही. मी मोजून पाहायचे ठरवले. टाकी काठोकाठ भरायची, तासभर यंत्र चालवायचे आणि मापाच्या कॅनने पुन्हा काठोकाठ भरायची. आधी सगळा भार तोडून चालवले. एकही युनिट न देता यंत्र दोन लिटर प्यायले! पंखा, पाण्याचा आणि तेलाचा पंप, पिस्टनचे घर्षण यांचा हा नुसता पोटखर्च. मग दहा किलोवॅटवर तासभर चालवले: ४.३ लिटर. म्हणजे दहा युनिटांसाठी जादा २.३, युनिटमागे पाव लिटरहून थोडे कमी. याच दराने पन्नास युनिटांचे साडेअकरा आणि वरचे दोन धरा. पत्रकातले साडेतेरा बरोबर येतात. वॉचमनची वही खरी होती, आणि पत्रकही.

आता पैशांचे. लिटरला नव्वद रुपये धरले, तर पूर्ण भारावर युनिट सव्वाचोवीस रुपयांना पडते आणि आमच्या भारावर एकोणचाळीसला. महावितरणच्या बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागली, तर आम्हाला बारा रुपये येतात. (त्यातला स्थिर आकार वीज गेली तरी भरावाच लागतो, त्यामुळे खरा फरक याहूनही मोठा.) लिटरभर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटांची ऊर्जा असते, पूर्ण भारावर त्यातली पावणेचार हाती येतात, आमच्याकडे सव्वादोन. बाकी उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते.

इतक्या कमी भारावर आणखी एक दुखणे लागते. इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल धुराड्याच्या सांध्यांतून काळे, तेलकट होऊन झिरपते. आमच्याकडे ते ओघळ दिसतातच. सभेत ते कुणी पाहिले नव्हते, एवढेच.

वीस के.व्ही.ए.चे यंत्र याच भाराला तासाला सुमारे साडेतीन लिटर घेईल, म्हणजे युनिट साडेएकतीस रुपयांना. पण लिफ्टची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते. तो झटका लहान यंत्राला पेलेल का, हे लिफ्टवाल्याकडून तपासून घेतल्याखेरीज मी बदलाला हात वर करणार नाही.