अभिनंदन भावा, फक्त साडीगार्ड काढू नकोस!

दसरा, पाडवा, अक्षय तृतीया जवळ आली की मित्रमंडळींत एक ठरावीक फोटो फिरू लागतो. शोरूमचं दार, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि शेजारी किल्ली उंचावून उभा असलेला आपला दोस्त. आपल्याकडून त्यावर बहुतेक वेळा दोनच उत्तरं जातात. एक, ‘अभिनंदन भावा, पार्टी कधी?’ आणि दुसरं, ‘अभिनंदन, सावकाश चालव रे बाबा.’ पहिल्यात नुसता आनंद आहे, दुसऱ्यात काळजीही आहे. पण ती काळजी त्याच्यापर्यंत पोचते का?

बहुतेकदा नाही. ओला स्वेनसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1981 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या चालकांना विचारलं होतं, की इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी कशी चालवता. दोन्हीकडच्या बहुतेकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. सगळेच वरच्या निम्म्यात कसे मावणार? तेव्हा ‘सावकाश चालव’ हे वाक्य प्रत्येकाला पटतं, फक्त ते दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असं वाटतं. शिवाय सावकाश म्हणजे नेमकं काय करायचं, हेही त्यात नसतं.

‘हेल्मेट घालत जा, रोज किती माणसं मरतात बघतोस ना’ असं जरा चढ्या सुरात सांगितलं, तर गाडी आणखी अडते. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये यामागचं कारण मांडलं. आपल्या मोकळीकीवर कोणी हात ठेवतंय असं वाटलं, की माणूस ती परत मिळवायला बघतो. सांगितलेलं चूक म्हणून नव्हे, तर कोणी तरी सांगितलं म्हणून ते नाकारतो. त्यातून हा दिवस त्याचा. डाउन पेमेंटसाठी त्याने वर्षभर पैसे बाजूला टाकलेले असतात. अशा वेळी अभिनंदनाच्या पाठोपाठ, त्याच वाक्यात, बजावणी आली की अभिनंदन फुकट जातं आणि बजावणीही.

मग काय लिहावं? नव्या गाडीबाबत एक सोय आयतीच असते: ती नवी असते. नव्या गाडीला काही दिवस जपावं लागतं, हे गाडीची हौस असणाऱ्या प्रत्येकाला मान्य असतं. त्यामुळे ‘तू जपून चालव’ याऐवजी ‘गाडीला जप’ म्हटलं तर तो उपदेश उरत नाही, ती दोन गाडीवेड्यांची गप्पा होते. आणि या गप्पेत नुसती युक्ती नाही, तथ्यही आहे.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. थोडं रस्त्यावर घासल्यावरच त्याची पकड नीट बसते. म्हणून पहिले साधारण दीडशे किलोमीटर एकदम रेस करणं, वळणावर गाडी फार झुकवणं आणि करकचून ब्रेक मारणं टाळावं. ओल्या रस्त्यावर आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर तर जास्तच. ब्रेकचंही तसंच. पॅड आणि डिस्क, किंवा लायनर आणि ड्रम, सुरुवातीला एकमेकांना पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाहीत. वापराने ते एकमेकांवर बसतात. तोवर ब्रेक थोडा उशिरा लागल्यासारखा वाटतो. इंजिनही या काळात सतत एकाच वेगावर किंवा फुल थ्रॉटलवर चालवायचं नसतं. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हा काळ किती किलोमीटरचा ते लिहिलेलं असतं. अनेक मोटारसायकलींसाठी तो पाचशेच्या आसपास असतो. आणि याच काळात चालवणाऱ्याचा हातही नवखा असतो. क्लच कुठे सुटतो, ब्रेक किती दाबल्यावर गाडी किती थांबते, मागे माणूस बसल्यावर तोल कसा बदलतो, हे सगळं हाताला कळायला वेळ लागतो. ‘पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत लाडाने चालव’ या एका वाक्यात हे सगळं येतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्याकडचा एक मुलगा चाकणला नोकरीला आहे. त्याने 125 सीसीची निळी मोटारसायकल घेतली. फोटोत आई शेजारी उभी, नऊवारी नव्हे पण काठापदराची साडी, डोक्यावर पदर. खाली त्याने लिहिलंय, ‘आईला घेऊन पहिली फेरी जेजुरीला.’ फोटो नीट पाहिला तर आणखी काही दिसतं. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. हाराची लडी हँडलवरून पुढच्या चाकाकडे लोंबतेय. आणि मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला साडीगार्ड आहे.

हा साडीगार्ड गाडी घरी आली की हौशी पोरं सर्वांत आधी काढतात, कारण त्याच्यामुळे गाडी ‘अंकलची’ दिसते म्हणे. पण तो शोभेसाठी नसतोच. आपल्याकडे मागे एका बाजूला बसणारी बाई पाय डावीकडे सोडून बसते. साडीचा घोळ, पदर, ओढणी सगळं त्याच बाजूला लोंबतं. कापडाचं टोक फिरत्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं की ते क्षणात गुंडाळलं जातं आणि बसलेल्या माणसाला मागे खेचतं. ओढणी गळ्याभोवती असेल तर धोका आणखी मोठा. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123व्या नियमात मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं संरक्षण सक्तीचं आहे. चकचकीत सीटवरच्या प्लॅस्टिकवर साडी घसरते, हेही आईला मागे बसवण्याआधी लक्षात घ्यायला हवं.

हे सगळं एका निरोपात कोंबलं तर त्याचा निबंध होईल. फोटोत जे सर्वांत महत्त्वाचं दिसतंय आणि त्याच्या पुढच्या बेताशी जुळतंय, तेवढंच उचलायचं. इथे बेत आईचा आहे, तर निरोपही आईवरून जावा:

‘अरे वा! निळा रंग भारी दिसतोय, आणि काकूंचा चेहरा तर बघ! पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत लाडाने चालव, टायर-ब्रेक अजून नवखे आहेत. काकू मागे बसणार म्हणजे साडीगार्डला हात लावायचा नाही, आणि त्यांचं हेल्मेट माझ्याकडून. जेजुरीचा भंडारा आण, मग एक चक्कर मला.’

यात आधी आनंद आहे, तोही त्याच्याच फोटोतला, कुठल्याही गाडीला चिकटवता येईल असा नाही. मग गाडीची गोष्ट. मग सल्ल्याच्या जागी देणं: हेल्मेट घे म्हणण्याऐवजी ते माझ्याकडून. शेवट पुन्हा आनंदावर. अपघात, मृत्यू, दंड यांपैकी एकही शब्द नाही. सीट आणि हाराची गोष्ट लिहिलेलीच नाही. भेटल्यावर हार काढता काढता ती सहज बोलता येते.

हेल्मेट मागे बसणाऱ्यासाठीच का? गाडी घेताना एक हेल्मेट मिळतं, आणि ते चालवणाराच घालतो. मोटार वाहन कायद्याच्या 129व्या कलमात मात्र चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागतं, तेही पट्टा लावून. आपल्याकडे राहतं ते मागचंच डोकं उघडं.

देणगी द्यायची तर मापाची द्यावी. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरच्या बाजूने डोक्याभोवती फिरवायची. येणारा आकडा मिलिमीटरमध्ये घेतला की हेल्मेटवरच्या 560, 580, 600 अशा मापांशी थेट जुळवता येतो. काकूंचा अंबाडा असेल तर हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि डोळ्यांवर येतं. खाली सैल वेणी घालून बघायला सांगायचं. घातल्यावर डोकं जोराने डावी-उजवीकडे हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर फिरायला हवं, मागून उशिरा नव्हे. पट्टा लावल्यावर मागून वर ढकललं तरी ते निघता कामा नये. आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वर आयएस 4151 हा क्रमांक पाहून घ्यायचा. 1 जून 2021 पासून दुचाकीसाठी त्याशिवायचं हेल्मेट विकायला बंदी आहे. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. पुढचा धक्का तो झेलू शकत नाही.

ही हलकी रीत सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. फोटोत किल्ली घेऊन उभा असलेला मित्र नसून मित्राचा सोळा वर्षांचा मुलगा असेल, तर तिथे कौतुकात गुंडाळून काही उपयोग नाही. सोळा ते अठरा वयात परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि बाजारातल्या पेट्रोलवरच्या जवळपास सगळ्या स्कूटर त्यापेक्षा मोठ्या आहेत. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर 2019च्या दुरुस्तीनंतर 199-अ कलमाखाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. तिथे चार लोकांत काही न लिहिता बापाला फोन करावा आणि स्पष्ट बोलावं. रात्री दारू पिऊन गाडी काढणारा मित्र असेल तरी तेच. त्याच्यासाठी गोड ओळ शोधत बसू नये. त्या रात्री त्याची किल्ली आपल्या खिशात ठेवावी.

बाकी ज्यांनी कष्टाने गाडी घेतली आहे आणि आनंदाने ती दाखवायला आले आहेत, त्यांच्यापुढे आपण आधी पेढा खायचा. मग गाडीभोवती एक फेरी मारायची, बसून बघायचं, हॉर्न वाजवायचा, मायलेज विचारायचं. एवढं कौतुक झाल्यावर ‘अरे, हे सीटचं प्लॅस्टिक काढ की, काकू घसरतील’ म्हटलं, तर तो तिथल्या तिथे काढतो.