जळतं घर आणि दाराबाहेरच्या गाड्या

सद्धर्मपुण्डरीक सूत्रातली सभा राजगृहाजवळच्या गृध्रकूट पर्वतावर भरलेली आहे. शारिपुत्राने तीनदा विनवल्यावर बुद्ध बोलायला तयार होतात. तेवढ्यात पाच हजार जण उठून निघून जातात, आणि बुद्ध त्यांना अडवत नाहीत. मग ते सांगतात, की श्रावक, प्रत्येकबुद्ध आणि बोधिसत्त्व यांच्यासाठी आजवर शिकवलेले तीन मार्ग खरं तर एकाच मार्गाकडे नेण्यासाठी होते. शारिपुत्राला आनंद होतो, पण सभेतले बाराशे अर्हत गोंधळून जातात. आयुष्यभर ज्या मार्गावर चाललो, तो अखेरचा नव्हताच? मग इतकी वर्षं आपल्याला काय सांगितलं गेलं? त्यांच्या वतीने शारिपुत्र खुलासा मागतो आणि बुद्ध एक गोष्ट सांगतात. तिसऱ्या, म्हणजे ‘औपम्य’ नावाच्या परिवर्तातली ही जळत्या घराची गोष्ट.

एका श्रीमंत, वयोवृद्ध गृहस्थाचं मोठं पण जुनाट घर आहे. खांब बुडाशी कुजलेत, भिंतींचे पोपडे निघालेत, आत शेकडो माणसं राहताहेत, आणि बाहेर पडायला दार एकच. पद्यभागात या घराचं वर्णन आणखी अंगावर येतं: साप, विंचू, गोमी, घुबडं, गिधाडं, हाडांवरून भांडणारी कुत्री. अचानक चारी बाजूंनी आग लागते. गृहस्थ बाहेर पडतो, पण त्याची मुलं आत खेळण्यात दंग आहेत. संस्कृत पाठात ती पाच, दहा किंवा वीस आहेत. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेल्या चिनी भाषांतरात हा आकडा तीसपर्यंत जातो.

बापाच्या मनात सर्वांत आधी येतं ते बळ. आपले दंड मजबूत आहेत, सगळ्यांना कवेत घेऊन बाहेर काढता येईल. पण दार एकच आणि पोरं चंचल. त्यांना पकडता पकडता ती इकडेतिकडे पळतील, हातातून निसटतील आणि आगीत सापडतील. तो विचार तो सोडून देतो.

मग तो खरं तेच सांगतो: घर पेटलंय, बाहेर या. मुलं ऐकतात, बापाकडे बघतात आणि पुन्हा धावाधाव करत खेळू लागतात. आग म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नाही. बापाचा शब्द शंभर टक्के खरा आहे आणि त्या क्षणी तो पूर्ण निरुपयोगी आहे. सूत्रकाराने हा टप्पा मुद्दाम ठेवलाय. बाप थेट युक्तीवर उतरलेला नाही. सत्य सांगून बघितल्यावर, ते पोचत नाही हे दिसल्यावरच तो दुसरी वाट शोधतो.

तिसरा उपाय मुलांच्या आवडीतून सुचतो. कुणाला कसलं खेळणं हवंहवंसं वाटतं, हे बापाला माहीत आहे. तो ओरडून सांगतो, की बोकडाच्या, हरणाच्या आणि बैलाच्या गाड्या दाराबाहेर उभ्या आहेत, या आणि घ्या. पोरं एकमेकांना ढकलत, रेटत बाहेर पळत सुटतात. चौकात मोकळ्यावर सुखरूप पोचतात आणि पहिलं काय करतात, तर गाड्या मागतात. दुन्हुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांतल्या चित्रकारांनाही हा प्रसंग भावला. तिथल्या भित्तिचित्रांत पेटलेला वाडा आणि दाराबाहेरच्या गाड्या एकाच चौकटीत दिसतात.

बाप प्रत्येकाला गाडी देतो, पण सांगितलेली नव्हे. सगळ्यांना एकसारखा मोठा रथ मिळतो: रत्नांनी मढवलेला, घंटा लावलेला, वर छत, आत उशा, आणि पुढे जुंपलेले पांढरेशुभ्र, ताकदवान बैल. तो विचार करतो, की ही सगळी माझीच मुलं, माझ्याकडे संपत्तीही भरपूर. मग एकाला थोर आणि दुसऱ्याला हलकं असं का द्यावं?

इथे बुद्ध गोष्ट थांबवून शारिपुत्राला विचारतात: हा गृहस्थ खोटं बोलला का? शारिपुत्र नाही म्हणतो आणि कारण देतो. बापाने साधी गाडीही दिली नसती, तरी त्याला खोटं बोलल्याचा दोष लागला नसता, कारण मुलांना वाचवायचं हे त्याने आधीच ठरवलं होतं आणि त्यांचा जीव वाचला. इथे तर त्याने कबूल केल्याहून मोठं दिलं. बुद्ध या उत्तराला साधुवाद देतात.

हे उत्तर किती धाडसी आहे, ते पाली परंपरेतल्या अभयराजकुमार सुत्ताशेजारी ठेवलं की कळतं. तिथे बुद्ध अभयाला त्याच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाविषयी विचारतात: याने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? अभय म्हणतो, डाव्या हाताने डोकं धरेन, उजव्या हाताचं बोट वाकवून खडा काढेन, रक्त आलं तरी. बुद्धांचं अप्रिय बोलणंही तसंच, करुणेपोटी आलेलं. त्याच सुत्तात ते काय बोलतात आणि काय टाळतात याची यादी आहे. खरं आणि हिताचं असेल तर योग्य वेळ बघून बोलतात. खोटं आणि अहिताचं कधीच बोलत नाहीत. पण खोटं तरीही हिताचं, असा रकानाच त्या यादीत नाही. जळत्या घराची गोष्ट नेमकी त्या कोऱ्या जागेत शिरते.

दोन्हीकडे करुणा आहे, पण मूल वेगळं आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडात बोट घालता येतं. धावणाऱ्या वीस मुलांना एका दारातून उचलून नेता येत नाही. त्यांना स्वतःच्या पायांनी यावं लागतं. बुद्ध स्वतःच उलगडून सांगतात, की घर म्हणजे त्रैधातुक, आग म्हणजे जन्म, जरा, व्याधी, मरण आणि शोक. ज्याप्रमाणे त्या माणसाने बाहुबळ बाजूला ठेवलं, त्याप्रमाणे तथागतही आपली बळं आणि वैशारद्यं बाजूला ठेवून तीन यानांची भाषा बोलतात. बोध उचलून हातात देता येत नाही, म्हणून ऐकणाऱ्याच्या आवडीपासून सुरुवात करावी लागते. उपायकौशल्य ते हेच.

दाराबाहेर गाड्या नेमक्या किती होत्या, यावरून पूर्व आशियात शतकानुशतकं वाद झाला. चीनमधल्या फाश्यांग पंथाच्या क्वेइजीचं म्हणणं, की तीनच. बैलगाडी आणि शेवटचा मोठा रथ एकच. म्हणजे बोधिसत्त्वयान हेच अंतिम सत्य आणि बाकीची दोन तात्पुरती. त्येनताई आणि ह्वायेन परंपरांनी चार मोजल्या, कारण बैलगाडीसाठी धावलेली मुलंही बाहेर येऊन गाडी मागतात. म्हणजे कबूल केलेल्यापैकी एकही बाहेर उभी नव्हती, आणि मिळालेला रथ चौथा. नवव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये साइचो आणि तोकुइत्सु यांच्यात जो वाद पेटला, त्याच्या मुळाशीही तीन यानं खरी की एकच, हा प्रश्न होता. चार मानल्या, तर बोधिसत्त्वमार्गाचा अभिमानही उपायाच्या बाजूला जातो, आणि आपलं यान थोर असं म्हणायला कुणालाच जागा उरत नाही.

हेतू चांगला असला की काहीही खपतं, असा अर्थ या गोष्टीतून काढला जाऊ शकतो. सूत्राने त्याला घातलेल्या अटी मात्र कथेतच दिसतात. आग खरी आहे, बापाने उठवलेली आवई नाही. खरं सांगून झालेलं आहे. युक्तीचा लाभ सांगणाऱ्याला नाही, मुलांना आहे. मिळालं ते कबूल केल्याहून कमी नाही, आणि सगळ्यांना सारखं आहे. शिवाय युक्ती झाकून ठेवलेली नाही. गृध्रकूटावर बुद्ध तीच उघड करताहेत, तीही ज्यांच्यासाठी वापरली त्या बाराशे जणांसमोर. यातली एखादी अट गळाली, की उपाय आणि फसवणूक वेगळी सांगता येत नाही.

हा प्रश्न सूत्राने इथेच मिटवलेला नाही. पुढे वैद्याची कथा येते. विष पोटात गेलेल्या मुलांपैकी काही औषध घेत नाहीत, म्हणून वैद्य बाप दूर निघून जातो आणि स्वतःच्या मृत्यूची बातमी घरी पाठवतो. पोरकेपणाच्या धक्क्याने तीही औषध घेतात, बरी होतात आणि बाप परत येतो. इथे मोठा रथ नाही, बातमी सरळसरळ असत्य आहे आणि मुलांना खरं दुःख भोगावं लागतं. तरी बुद्ध सभेला पुन्हा तोच प्रश्न विचारतात: या वैद्याला कुणी खोटं बोलल्याचा दोष देईल का? सभा पुन्हा नाही म्हणते. शारिपुत्राच्या उत्तरातला पहिला भाग, गाडी दिली नसती तरीही, हा इथे कसाला लागतो. दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठाने १९६० मध्ये छापलेली, प. ल. वैद्य या मराठी पंडितांनी संपादित केलेली संस्कृत आवृत्ती ज्यांच्या हाती लागेल, त्यांनी हे दोन परिवर्त पाठोपाठ वाचावेत.